मामांचं कार्ड, मामींचा फोन आणि अडकलेलं खातं

ताई, मी कराडला इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. कोकणातल्या दोन होमस्टेंच्या वेबसाइट मी करून दिल्यात. त्यांच्यासाठी एका परदेशी कंपनीकडे सर्व्हर घ्यायचा होता. माझं डेबिट कार्ड दोनदा नाकारलं गेलं, बाबांचंही चाललं नाही. म्हणून पुण्याच्या मामांना फोन केला. त्यांनी क्रेडिट कार्डाचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले आणि ओटीपी न मागताच २४ डॉलर गेले. मामांना मी लगेच यूपीआयने पैसे परत केले. पण मामींनी बँकेचा मेसेज बघितला आणि मामांना न विचारता फोन करून कार्ड बंद केलं. चार दिवसांनी कंपनीने पेमेंट फसवणुकीच्या संशयावरून माझं खातं अडवलं. घाबरून मी ‘कार्ड माझंच आहे’ असं उत्तर दिलं. आता ते ओळखपत्र आणि कार्डाचा पुरावा मागतायत. दोन्ही साइट बंद आहेत, गणपतीच्या बुकिंगचे दिवस आहेत. मित्र म्हणतो, दुसऱ्या ईमेलने नवं खातं काढ. काय करू?
– एक वाचक, कराड

मित्राचं ऐकू नकोस. ईमेल बदलला तरी लॅपटॉप तोच, घरचं इंटरनेट तेच, मोबाइल नंबर तोच आणि होमस्टेंची नावंही तीच राहतात. नवं खातं जुन्याशी जोडायला कंपनीला यातली एखादी गोष्टही पुरते. आज तुझ्यावर फक्त संशय आहे आणि संशयाची चौकशी होऊ शकते. अडवलेलं खातं चुकवून दुसरं उघडणं हा मात्र बहुतेक कंपन्यांच्या अटींत वेगळाच गुन्हा असतो, त्याला चौकशी लागत नाही. मग दोन्ही खाती जातात. व्हीपीएन लावून केलंस तर आणखी वाईट.

आता मुळात अडलं कुठे ते बघू, कारण सोडवण्याचा क्रम त्यावरून ठरतो. बहुतेकांना वाटतं, कार्डावरचं नाव आणि खात्यावरचं नाव जुळलं नाही म्हणून खातं अडतं. पण पैसे जाताना नाव सहसा तपासलंच जात नाही. कार्ड देणाऱ्या बँकेला विचारलं जातं ते एवढंच, की नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे बरोबर आहेत का, कार्ड चालू आहे का, मर्यादा शिल्लक आहे का. अमेरिका, ब्रिटन, कॅनडाच्या कार्डांवर पत्ताही ताडून बघता येतो, भारतीय कार्डांवर सहसा नाही. म्हणजे तू फॉर्मात मामांचं नाव टाकलं असतंस किंवा स्वतःचं, त्या क्षणी पैसे गेलेच असते.

कंपनीच्या यंत्रणेने त्या संध्याकाळी पाहिलं ते असं. एक कोरं खातं उघडलं गेलं. त्यावर एक कार्ड दोनदा नाकारलं गेलं, मग दुसऱ्या बँकेचं दुसरं कार्ड नाकारलं गेलं, मग तिसरं कार्ड चाललं आणि लगेच सर्व्हर सुरू झाला. चोरलेल्या कार्डांची यादी विकत घेऊन ‘यातलं जिवंत कुठलं’ ते शोधणारा माणूस अगदी हेच करतो. सर्व्हर देणाऱ्या कंपन्या तर याला फार पोळलेल्या आहेत. चोरीच्या कार्डावर सर्व्हर घ्यायचा, दोन दिवस त्यावर क्रिप्टोचं खाणकाम चालवायचं आणि पळायचं, हा त्यांच्याकडे नेहमीचा धंदा आहे. त्यामुळे पहिल्याच दिवशी तुझ्या खात्यावर एक खूण झाली असणार. तेवढ्यावर ते अडलं नसतं कदाचित. चौथ्या दिवशी मामांच्या बँकेकडून निरोप आला, की कार्डधारक म्हणतोय हा व्यवहार मी केला नाही. मग दोन खुणा जुळल्या.

ओटीपी आला नाही, हे सोयीचं वाटलं ना? पण सगळ्या प्रकरणाचा कणा तोच आहे. आपल्याकडच्या वेबसाइटवर कार्ड वापरलं की ओटीपी लागतो. कार्डधारकाची खातरजमा झालेली असल्यामुळे फसवणुकीची तक्रार आली तर तोटा सर्वसाधारणपणे कार्ड देणाऱ्या बँकेच्या अंगावर जातो. परदेशी कंपनीने ओटीपीविना पैसे घेतले की हा भार उलटतो. तक्रार आली की पैसे तिच्याकडून काढून घेतले जातात आणि वर दंडासारखं शुल्कही लागतं. अशा तक्रारींचं प्रमाण वाढलं, तर व्हिसा आणि मास्टरकार्ड त्या कंपनीवर नजर ठेवतात, दंडही करतात. म्हणून २४ डॉलरसाठी कंपन्या एवढ्या कडक वागतात. तुझ्याकडून त्यांना २४ डॉलर नकोच आहेत एका अर्थी. त्यांना हवी आहे ती कार्डाच्या मालकाची साक्ष.

इथेच तुझ्या हातून गाडी सुटते, कारण साक्ष तू देऊ शकत नाहीस. तू कंपनीला कितीही कागद पाठवलेस, तरी बँकेच्या दफ्तरी ‘फसवणूक’ अशी नोंद आहे तोवर ते तुझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत, आणि ठेवूही नये. म्हणून पहिलं काम मामांचं. मामींचं नाही, हेही लक्षात घे. त्यांनी योग्यच केलं. अनोळखी डॉलरचा मेसेज आला आणि नवऱ्याने काही सांगितलेलं नाही, तर फोन करायलाच हवा. त्यांच्यावर चिडून मामांच्या घरी वाद लावू नकोस, तुला त्याच घरातून सही आणायची आहे.

मामांनी बँकेच्या क्रेडिट कार्ड विभागाला स्वतः फोन करायचा आणि आधी विचारायचं, की त्या दिवशी नक्की काय नोंदवलं गेलं. दोन शक्यता असतात. एक, मामींनी फक्त कार्ड बंद करून घेतलं. दुसरी, कार्ड बंद करतानाच व्यवहारावर तक्रार, म्हणजे डिस्प्यूट, दाखल झाली. फोनवरचा माणूस ‘हा व्यवहार तुमचा आहे का’ विचारतो, आपण ‘नाही’ म्हणतो आणि तक्रार लागते. पुष्कळांना ती लागल्याचं कळतही नाही. तुझं खातं चार दिवसांत अडलं, त्यावरून तक्रार लागली आहे असंच दिसतं. तिचा क्रमांक घ्यायचा.

मग मामांनी लेखी कळवायचं, बँकेत नोंदवलेल्या ईमेलवरूनच. मजकूर लांबवू नये: ‘अमुक तारखेचा, अमुक रकमेचा, अमुक कंपनीचा व्यवहार माझ्या संमतीने माझ्या भाच्याने केला होता. कुटुंबातल्या व्यक्तीला याची कल्पना नसल्यामुळे तक्रार नोंदवली गेली. ती मी मागे घेत आहे. व्यवहार फसवणूक म्हणून कळवला गेला असल्यास ती नोंदही दुरुस्त करावी. तक्रार मागे घेतल्याचं लेखी उत्तर मिळावं.’

शेवटून दुसरं वाक्य गाळू देऊ नकोस. बँक दोन वेगळ्या गोष्टी करते. पैसे परत मागण्याची तक्रार ही एक, आणि ‘या कार्डावर फसवणूक झाली’ असा अहवाल व्हिसा किंवा मास्टरकार्डला पाठवणं ही दुसरी. पहिली मागे घेतली म्हणून दुसरी आपोआप पुसली जातेच असं नाही. मी बँकेच्या कार्ड-तक्रार विभागात बरीच वर्षं काढली. पैसे फिरले, सगळं मिटलं असं समजून घरी बसलेले आणि महिन्याने ‘अजून खातं उघडत नाही’ म्हणून परत आलेले लोक तिथे नेहमी दिसायचे. दर वेळी दुसरी नोंद तशीच राहिलेली असायची.

मामा एक विचारतील: असं लिहून दिलं तर मी अडकणार नाही ना? खरं सांगायचं तर थोडे अडकतील. कार्ड दुसऱ्याला वापरायला देणं जवळपास प्रत्येक बँकेच्या करारात मना आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकाने घालून दिलेला नियम असा, की ग्राहकाने स्वतःच पेमेंटची गोपनीय माहिती दुसऱ्याला दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच. म्हणजे या २४ डॉलरवर त्यांना पुन्हा कधी हक्क सांगता येणार नाही. पण तसा हक्क त्यांना नाहीच, तू पैसे दिले आहेस. उलट ‘मीच केला होता व्यवहार’ असं त्यांनी बँकेला सांगितलं आणि तू कंपनीला ‘मामांच्या संमतीने मी केला’ असं लिहिलंस, तर दोन कागद एकमेकांशी भांडतील. दोघांनी एकच लिहा, आणि जे झालं तेच लिहा.

पैशांचा हिशेब इथे हमखास चुकतो. त्याच परिपत्रकानुसार बँक तक्रारीनंतर १० कामकाजाच्या दिवसांत तेवढी रक्कम तात्पुरती ग्राहकाच्या खात्यात दाखवते. मामांच्या स्टेटमेंटवर कदाचित ती जमा दिसेल आणि त्यांना वाटेल, पैसे परत आले, विषय संपला. तक्रार मागे घेतली की ती जमा उलटवली जाते आणि रक्कम पुन्हा कंपनीकडे जाते. मधल्या काळात कंपनीच्या पॅनेलवर तुला २४ डॉलर थकीत दिसतील. घाई करून ते भरू नकोस. तू भरलेस आणि मामांची तक्रारही मागे गेली, तर कंपनीकडे दोनदा पैसे पोचतात आणि अडलेल्या खात्यातून परतावा मिळवणं हे स्वतंत्र दुखणं होऊन बसतं. आधी बँकेचं उत्तर येऊ दे. बँकेने ‘तक्रार निकाली निघाली, आता मागे घेता येत नाही’ असं कळवलं, तरच थकबाकी भर, आणि तीही तुझ्या नावाच्या कार्डाने.

आणखी एक प्रश्न मामींना आजच विचार: त्यांनी १९३०वर फोन केला होता का? सायबर फसवणुकीची ती राष्ट्रीय हेल्पलाइन आहे आणि हल्ली लोक बँकेसोबत तिथेही लगेच कळवतात. तसं असेल तर त्यांना पावती क्रमांकाचा मेसेज आला असेल. तो घेऊन, तक्रार ज्या पोलीस ठाण्याकडे गेली तिथे मामांनी ‘गैरसमजातून नोंदवली’ असा अर्ज द्यायला हवा. बँकेला कळवलं म्हणजे पोलिसांना कळलं असं होत नाही.

आता तुझं काम. ओळखपत्र म्हणून पासपोर्ट असेल तर तोच दे. परदेशी तपासनिसाला तो ओळखीचा असतो. नसेल तर वाहन परवाना, नाहीतर आधार. आधार देणार असशील तर यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून मास्क केलेलं उतरवून घे, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आपल्याकडे नेहमी होणारी गोची म्हणजे खात्यावर नाव आणि आडनाव, आणि ओळखपत्रावर मधे वडिलांचं नाव, तेही वेगळ्या स्पेलिंगने. असं असेल तर तसं एका ओळीत लिहून टाक, तपासनिसाला अंदाज करायला लावू नकोस. खात्यावरचा पत्ता आणि ओळखपत्रावरचा पत्ता वेगळा असेल, तू वसतिगृहात राहत असशील, तर तेही लिही.

कार्डाचा पुरावा मामांच्या कार्डाचा लागेल, म्हणजे जे बंद झालं त्याचाच. बंद कार्ड कात्रीने कापून टाकायची आपल्याकडे रीत आहे, म्हणून मामांना फोन करून आधी ते कार्ड आहे का विचार. असेल तर पुढच्या बाजूचा फोटो, कागदाची पट्टी ठेवून मधले आकडे झाकलेला, फक्त नाव आणि शेवटचे चार आकडे दिसतील असा. हल्ली काही कार्डांवर आकडे मागच्या बाजूला असतात. तिथे तीन आकड्यांचा सुरक्षा क्रमांकही झाकायलाच हवा. फोटो काढल्यावर मोबाइलमध्ये रंग फासण्यापेक्षा आधी कागदाने झाकलेलं बरं, कारण फिकट रंगाखालचे आकडे पुष्कळदा वाचता येतात. कार्ड कापलं गेलं असेल तर स्टेटमेंटचं ते पान चालतं: मामांचं नाव, कार्डाचे शेवटचे आकडे आणि तुझ्या व्यवहाराची ओळ दिसू दे, बाकीचा घरखर्च झाक. पूर्ण नंबर कुठलीही प्रामाणिक कंपनी मागत नाही. मागितला, तर समोर कंपनी नाही असं समज. ‘अडलेलं खातं उघडून देतो’ म्हणणारे टेलिग्रामवर भरपूर आहेत. ते तुझ्या ओळखपत्रावर पुढची खाती उघडतात. कागद फक्त खात्यात लॉगिन करून दिसणाऱ्या अपलोडच्या जागी टाक किंवा आधीच चालू असलेल्या तिकिटात, म्हणजे कंपनीच्या मदत विभागाशी तुझा जो पत्रव्यवहार चालू आहे त्यात.

यासोबत मामांचं एका परिच्छेदाचं सहीचं पत्र, बँकेने तक्रार मागे घेतल्याचं उत्तर आणि तू मामांना केलेल्या यूपीआय पेमेंटची पावती जोड. पावती छोटी गोष्ट वाटते, पण मला ती फार बोलकी वाटते. चोर ज्याचं कार्ड वापरतो त्याला त्याच संध्याकाळी पैसे परत करत नाही. पावतीवरची तारीख-वेळ दिसेल असं बघ.

राहिलं तुझं ते वाक्य, ‘कार्ड माझंच आहे’. ते गाळून पुढे जायचा मोह होईल. पण नव्या कागदांवर मामांचं नाव असणार आहे, त्यामुळे तपासनिसाला विसंगती दिसणारच. तू स्वतः आधी सांगितलंस तर ती चूक ठरते, त्याने शोधली तर खोटेपणा. उत्तर जुन्याच तिकिटात दे, नवीन तिकीट काढू नकोस. नव्या तिकिटाला रांगेत शेवटची जागा मिळते आणि दोन माणसं दोन उत्तरं देतात. इंग्रजीत लिही, आशय साधारण असा ठेव:

‘माझ्या आधीच्या उत्तरात मी कार्ड माझं असल्याचं लिहिलं. ते चुकीचं होतं. कार्ड माझ्या मामांचं आहे आणि मी ते त्यांच्या परवानगीने वापरलं. माझं आणि वडिलांचं कार्ड परदेशी व्यवहारासाठी चालू नसल्यामुळे आधीचे तीन प्रयत्न फसले. घरातल्या दुसऱ्या व्यक्तीने व्यवहार न ओळखल्यामुळे बँकेत तक्रार केली. ती आता मागे घेतली आहे, बँकेचं उत्तर जोडलं आहे. मामांचं पत्र, कार्डाचा झाकलेला फोटो, माझं ओळखपत्र आणि मामांना पैसे दिल्याची पावती सोबत आहे. यापुढे माझ्याच नावाचं कार्ड वापरेन. सर्व्हरवर दोन होमस्टेंच्या वेबसाइट आहेत, त्यांचे पत्ते असे.’

शेवटची ओळ उगाच नाही. तपासणारा माणूस त्या साइट उघडून बघू शकतो आणि तिथे खोल्यांचे फोटो नि फोन नंबर दिसले की खाणकाम करणाऱ्यापेक्षा तू वेगळा आहेस हे त्याला डोळ्यांनी कळतं. साइट आत्ता बंद आहेत, म्हणून जुन्या स्क्रीनची एखादी प्रत असेल तर तीही जोड. विद्यार्थी आहे, गरीब आहे, करिअर बुडेल, असलं काही लिहू नकोस. तपासनीस ते रोज वाचतो. आणि रोज एक मेल पाठवून आठवण करू नकोस. पुष्कळ ठिकाणी नवा मेल आला की तिकिटाची वेळ नव्याने मोजली जाते.

उत्तर तीन प्रकारचं येऊ शकतं. आणखी कागद मागितले, तर ती चांगली खूण समज, कुणीतरी वाचतंय. ‘तक्रार अजून आमच्याकडे उघडी दिसते’ असं आलं, तर बँकेचा निरोप साखळीत मधे कुठेतरी आहे. मामांच्या बँकेकडून व्हिसा किंवा मास्टरकार्ड, तिथून कंपनीची बँक, मग कंपनी, एवढा तो प्रवास आहे. काही दिवस थांब आणि मामांना बँकेत पुन्हा विचारायला सांग. बँकेने ३० दिवसांत उत्तरच दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर मामांना रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, तक्रार cms.rbi.org.in वर ऑनलाइन होते. लोकपाल बँकेला जाब विचारेल, तुझ्या सर्व्हर कंपनीला नाही.

तिसरं उत्तर म्हणजे ‘निर्णय अंतिम आहे’. सगळं खरं आणि व्यवस्थित देऊनही कधी कधी हेच येतं. त्यामागे एक कारण समजून घे. व्हिसाच्या नियमांत फसवणुकीची तक्रार व्यवहारापासून साधारण १२० दिवसांपर्यंत लावता येते. म्हणजे आज मामांनी पत्र दिलं, तरी उद्या पुन्हा कुणी फोन करणार नाही याची कंपनीला खात्री नसते, आणि नव्या ग्राहकासाठी ती जोखीम घ्यायची नसली तर तिला कुणी भाग पाडू शकत नाही. तेव्हा भांडण खात्यासाठी न घालता डेटासाठी घाल. ‘खातं बंद राहू द्या, फक्त बॅकअप उतरवायला ४८ तास उघडा’ अशी मागणी मान्य होण्याची शक्यता पुष्कळ जास्त असते.

खरं तर ही बॅकअपची मागणी पहिल्याच उत्तरात करून ठेव. पैसे न भरलेला किंवा अडवलेला सर्व्हर कंपन्या कायम ठेवत नाहीत, ठरावीक मुदतीनंतर पुसतात. मुदत त्यांच्या अटींत लिहिलेली असते, ती आज शोध. आणि होमस्टेंना निकालाची वाट बघायला लावू नकोस. डोमेन दुसऱ्या कंपनीकडे नोंदवलेलं असेल तर ते अडलेलं नाही. त्याच्या डीएनएसमधला पत्ता बदलून ते एखाद्या साध्या पानाकडे वळव: चार फोटो, दर, मालकांचा फोन आणि व्हॉट्सअ‍ॅप. रुपयांत बिल देणाऱ्या, यूपीआय घेणाऱ्या भारतीय होस्टिंग कंपनीवर असं पान एका दुपारी उभं राहतं. गणपतीला कोकणात जाणारा माणूस बुकिंगचं बटण शोधत बसत नाही, फोन लावतो. दोन्ही मालकांना मात्र काय झालं ते स्वतः सांग.

पुढच्या वेळेचं थोडक्यात. तुझं डेबिट कार्ड नाकारलं गेलं त्याचं कारण बहुधा साधं आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे ऑक्टोबर २०२०पासून नवी कार्डं परदेशी व्यवहारासाठी बंदच हातात येतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ते चालू करायचं आणि मर्यादा घालायची असते. ती हवी तेवढी कमी ठेवता येते. तरीही काही बँकांची डेबिट कार्डं परदेशी कंपन्यांच्या दरमहा आपोआप होणाऱ्या वसुलीला चालत नाहीत. तसं निघालं तर बँकेत छोटी मुदत ठेव ठेवून तिच्यावर क्रेडिट कार्ड माग. नोकरी नसलेल्यालाही ते मिळतं आणि त्यावर नाव तुझं असतं. घरातूनच कार्ड हवं असेल तर बाबांच्या क्रेडिट कार्डावर पुरवणी कार्ड काढता येईल. मामांच्या कार्डावर भाच्याला ते देतीलच असं नाही, बऱ्याच बँका जोडीदार, आईवडील, मुलं, भावंडं इथवरच थांबतात.

कुठलंही कार्ड आणलंस तरी खातं उघडल्याबरोबर ते त्यात घालू नकोस. आधी तिकिटात विचार, की या नावाचं, शेवटी अमुक आकडे असलेलं कार्ड जोडू का. तपासणी चालू असताना खात्यावर चौथं कार्ड अचानक दिसलं, तर यंत्रणा माणसाच्या आधी निर्णय घेते. आणि मामांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले फोटो दोघांच्याही फोनमधून, गॅलरीतून आणि फोटो बॅकअपमधून काढून टाका. ते कार्ड बंद झालंय, पण नवीन कार्ड आलं की मामा त्याचाही फोटो असाच कुणाला तरी पाठवतील.